लेक्चरला समजतं, मग वही उघडली की का अडतं?

"मॅडम, अल्गोरिदमच्या लेक्चरला सर शिकवतात तेव्हा सगळं कळतं, मान डोलावत असते मी. पण घरी वही उघडली की एक ओळ सुचत नाही. मग कोड पाठ करते आणि परीक्षेत 'ट्रेस करून दाखवा' आलं की आकडे चुकतात. माझं डोकं या विषयाचं नाहीच का?"

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरची मुलगी. मी आधी काही वर्षं प्रोग्रामिंग शिकवायचे म्हणून कॉम्प्युटरची पोरं बहुतेक माझ्याकडेच पाठवतात. डोक्याचं नंतर बघू, आधी वही दाखव म्हणलं. त्या दिवशीचं लेक्चर होतं क्विक सॉर्टमधलं पार्टिशन, आणि वहीत काय तर एकाखाली एक चार अ‍ॅरे, मध्ये बाण, आणि शेवटी कोड. i कुठे होता, j कुठे होता, कुठल्या अटीमुळे अदलाबदल झाली, काहीच नाही. सर फळ्यावर एकच अ‍ॅरे लिहितात, आकडा पुसतात, त्याच जागी दुसरा लिहितात, त्यामुळे मधली स्थिती वहीत येतच नाही, येतं ते फक्त शेवटचं. दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसून गेलेला रस्ता असतो ना, जाताना सगळा ओळखीचा वाटतो आणि एकटं जायची वेळ आली की पहिल्याच चौकात गोंधळ, तसंच आहे हे. यात डोक्याचा काही दोष नाही.

मग आम्ही तिथेच बसून एक शीट केलं. एका अल्गोरिदमला एकच पान. पहिलं काम म्हणजे पीपीटी आणि पुस्तक बंद ठेवून आठवेल तसा स्यूडोकोड लिहायचा, आठवणार नाही तिथे सरळ रिकामी ओळ सोडायची आणि मग वही उघडून ती ओळ लाल पेनने भरायची. तिच्या दोन ओळी लाल झाल्या, i ची सुरुवात आणि शेवटची अदलाबदल. म्हणजे अख्खा विषय येत नाही असं नव्हतंच, या दोन ओळी येत नव्हत्या.

```
PARTITION(A, p, r)
1  x = A[r]
2  i = p - 1
3  for j = p to r - 1
4      if A[j] <= x
5          i = i + 1
6          swap A[i], A[j]
7  swap A[i+1], A[r]
8  return i + 1
```

पानाच्या कोपऱ्यात 'इंडेक्स १ पासून' असंही लिहायला लावलं. कारण प्रॅक्टिकलला ती सी मध्ये ० पासून मोजते, तिथे i ची सुरुवात -1 होते आणि ते बघून तिला वाटायचं आपलंच काहीतरी चुकलं. चुकलेलं काही नव्हतं, i म्हणजे 'लहान आकड्यांच्या गटातला शेवटचा' आणि सुरुवातीला तो गट रिकामा असतो, म्हणून i पहिल्या घराच्याही एक घर मागे.

आता ट्रेस टेबल. इथे सरांचा अ‍ॅरे घ्यायचा नाही, त्याचं उत्तर डोळ्यात बसलेलं असतं. आपला घ्यायचा, आणि सहा-सात आकड्यांच्या वर नको, हात दमतो आणि मग दमल्यामुळे चुका होतात. आम्ही 7 2 9 4 3 5 घेतला. रकाने कुठले करायचे याचं साधं गणित आहे, जे बदलतं त्याला रकाना. x शेवटपर्यंत 5 च राहतो, त्याला रकाना नको, वर एकदा लिहिला की झालं. अटीला मात्र स्वतःचा रकाना हवाच, पोरं नेमका तोच गाळतात.

तिने भरायला घेतलं आणि तिसऱ्या मिनिटाला खरा रोग सापडला. एका ओळीत ती i वाढवायच्या आधीचा लिहीत होती आणि पुढच्या ओळीत वाढवल्यानंतरचा. अ‍ॅरे बरोबर, i एक मागे, आणि मग सातव्या ओळीत सगळं कोसळायचं. तिला म्हणलं, फोटो कधी काढायचा ते आधी ठरव आणि मग बदलू नकोस. आम्ही ठरवलं, लूपची एक फेरी पूर्ण संपली की मगच ओळ भरायची.

```
x = 5
j     A[j]<=x   i   A
-     -         0   7 2 9 4 3 5
1     no        0   7 2 9 4 3 5
2     yes       1   2 7 9 4 3 5
3     no        1   2 7 9 4 3 5
4     yes       2   2 4 9 7 3 5
5     yes       3   2 4 3 7 9 5
line 7              2 4 3 5 9 7   return 4
```

टेबलाखाली एक वाक्य लिहायचं, प्रत्येक ओळीला लागू होणारं. ते तिचं तिनेच शोधलं, "i पर्यंतचे सगळे ५ किंवा लहान, i च्या पुढचे j पर्यंतचे सगळे ५ पेक्षा मोठे." पुस्तकात याला लूप इन्व्हेरियंट म्हणतात आणि ते नाव ऐकूनच निम्मा वर्ग घाबरतो, पण चूक पकडायला याच्यासारखं काही नाही. j=4 ची ओळ बघा, i आहे 2, पहिले दोन 2 आणि 4, पुढचे दोन 9 आणि 7, जुळलं. जी ओळ जुळत नाही तिथेच चूक, पुढचं टेबल भरत बसायचंच नाही.

परीक्षेतली तिची नेहमीची चूकही मुद्दाम करून बघितली, म्हणजे सातव्या ओळीत A[i+1] ऐवजी A[i]. मग येतं 2 4 5 7 9 3, आणि 5 च्या उजवीकडे 3 बसलेला, म्हणजे लहान आकडा मोठ्यांच्या बाजूला. हे चुकीचं टेबलही शीटवर ठेवलं, लाल चौकटीत, कारण i+1 का हे त्यानंतर पाठ करावं लागलं नाही, मोठ्यांच्या गटातला पहिला उचलून शेवटी टाकायचा असतो एवढंच.

मग पानाच्या मागे एक वाकडा इनपुट. 1 2 3 4 5 6 घ्या, अटीच्या रकान्यात सगळीकडे yes, i आणि j कायम एकत्र, प्रत्येक आकडा स्वतःशीच बदलतोय आणि उत्तर 6. म्हणजे डावीकडे पाच, उजवीकडे शून्य. पुढच्या वेळीही तेच, तुलना ५+४+३+२+१ म्हणजे १५. वर्स्ट केस n वर्ग का, हे वाक्य म्हणून पाठ होतं तिला, दिसलं इथे. आणि सगळे आकडे सारखे असले तरी हेच होतं, ते तिने घरून करून आणलं, मी सांगितलं नव्हतं.

उजळणी म्हणजे शीट वाचणं नाही हं. दोन-तीन दिवसांनी i चा रकाना कागदाने झाकायचा आणि भरायचा, त्यानंतरच्या वेळी नवा अ‍ॅरे आणि वरचा स्यूडोकोडही झाकलेला. लाल ओळ परत अडली तर तेवढीच घ्यायची.

"मॅडम, प्रत्येक अल्गोरिदमला एवढं?" नाही गं. जिथे इंडेक्स पळतात तिथे हे, बायनरी सर्च, मर्ज, इन्सर्शन सॉर्ट. अख्खा क्विक सॉर्ट या टेबलात कोंबू नकोस, रिकर्शनला झाड काढ आणि प्रत्येक फांदीवर फक्त p, r आणि परत आलेला आकडा लिही. डायक्स्ट्राला प्रत्येक नोडच्या अंतराचा एक रकाना आणि एक नोड पक्का झाला की एक ओळ. मास्टर थिअरमला टेबल नकोच, तिथे सरळ उदाहरणं सोडव.