एकट्याने काम करणाऱ्याचा फोन ठरल्या वेळी आला नाही, तर?

प्रश्न : आमचा तंत्रज्ञ रात्री दूरच्या पंपघरात एकटाच जातो. त्याने दर तासाला फोन करणे पुरेसे आहे का?

फोनमधले अंतर ठरवताना सोयीचा आकडा निवडू नये, तर जखमी माणसाला मदत पोहोचेपर्यंत जास्तीत जास्त किती वेळ जाईल याचा हिशेब आधी मांडावा. समजा, त्याने २ वाजता फोन केला आणि २ वाजून ५ मिनिटांनी तो शिडीवरून पडला. पुढचा फोन ३ वाजता अपेक्षित आहे. त्यानंतर १० मिनिटे वाट पाहण्यात गेली, आणखी १० मिनिटे शोधाशोधीच्या फोनमध्ये गेली आणि गाडीला पोहोचायला ४० मिनिटे लागली, तर मदत ४ वाजता पोहोचते, म्हणजे तो १ तास ५५ मिनिटे पडून राहतो. हेच अंतर अर्ध्या तासाचे ठेवले तर हा काळ १ तास २५ मिनिटांवर येतो, आणि पाव तासाचे ठेवले तरी १ तास १० मिनिटांपेक्षा खाली जात नाही. याचे कारण असे की वाट पाहणे, खात्री करणे आणि प्रवास यांची ६० मिनिटे फोनच्या संख्येने कमी होत नाहीत. त्यासाठी जवळ राहणारा कोणी मदतनीस नेमावा लागतो. शिवाय फार वारंवार फोन करावे लागले की ते यांत्रिकपणे उरकले जातात. म्हणून माझे मत असे की अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे आणि त्याशिवाय शिडी चढण्याआधी व उतरल्यावर एकेक फोन ठेवावा. मात्र जिथे जीव काही मिनिटांत जाऊ शकतो, उदाहरणार्थ बंदिस्त टाकीत उतरणे किंवा विद्युतप्रवाह चालू असताना दुरुस्ती करणे, तिथे कोणतेही वेळापत्रक उपयोगाचे नाही. ते काम एकट्याला देऊच नये.

प्रश्न : माणूस पडल्यावर आपोआप इशारा देणारे उपकरण घेतले, तर हे फोन बंद करता येतील का?

नाही. असे उपकरण सहसा अचानक बसलेला धक्का, शरीराचा कललेला कोन किंवा ठरावीक काळ हालचाल नसणे यांवरून इशारा देते, आणि तो पाठवण्याआधी काही सेकंद आवाज करून तो रद्द करण्याची संधी देते. त्याचा फायदा मोठा आहे, कारण पुढच्या फोनची वाट पाहावी लागत नाही. परंतु तळघरात किंवा जाड भिंतींआड नेटवर्क नसेल तर इशारा बाहेर जातच नाही आणि नियंत्रण कक्षात सारे काही ठीक असल्यासारखे दिसते. ठरलेला फोन न येणे ही मात्र स्वतःच एक सूचना असते, आणि तिला नेटवर्क लागत नाही. उपकरण घेतल्यावर प्रत्यक्ष कामाच्या जागी, सर्वांत खालच्या मजल्यावर उभे राहून बटण दाबावे आणि पलीकडे इशारा व जागा दोन्ही बरोबर दिसतात का ते पाहावे. बैठ्या कामात खोटे इशारे वाढले की कामगार उपकरण गाडीतच ठेवून जातो, त्यामुळे खोट्या इशाऱ्यांची नोंद ठेवून हालचाल नसण्याची मुदत कामानुसार बदलावी लागते.

प्रश्न : फोन लागला नाही तर बहुतेक वेळा रेंजच नसते. प्रत्येक वेळी माणसे धाडायची का?

आधीपासून स्पष्टीकरण नसेल, तर होय. रेंज नसलेली ठिकाणे पूर्वीच नोंदवून ठेवावीत आणि तिथे जाताना कामगाराने "४ वाजून १० मिनिटांपर्यंत संपर्कात नसेन" असे कळवावे, म्हणजे तीच नवी अंतिम वेळ ठरते. हे रोजच घडत असेल, तर रेडिओ किंवा उपग्रह फोन द्यावा.

एरवी वेळ टळून १० मिनिटे झाली की मोबाइल, मग त्या जागेचा फोन, मग फाटकावरचा पहारेकरी अशा वेगवेगळ्या मार्गांनी विचारावे. एकच क्रमांक अर्धा तास लावत बसणे ही नेहमीची चूक आहे. वेळ टळून २० मिनिटे झाली की दोन माणसे निघावीत. धोक्याचे काही चिन्ह असेल, तर त्याच क्षणी आपत्कालीन सेवेला पत्ता, प्रवेशाचा मार्ग आणि किल्ली कोणाकडे आहे हे सांगावे. हा निर्णय रात्रपाळीवर असलेल्या व्यक्तीने कोणाची परवानगी न घेता करावा, आणि तसा अधिकार तिला लेखी दिलेला असावा. वरिष्ठांची झोप मोडण्याच्या संकोचात मोलाचा वेळ जातो. गेलेल्यांनी टाकीत किंवा विहिरीत लगेच उतरू नये, कारण ज्या वायूने पहिला बेशुद्ध झाला तोच वाचवणाऱ्यालाही पाडतो.

शोध थांबवायचा तो कामगाराशी प्रत्यक्ष बोलल्यावर किंवा तो सापडल्यावरच. "घरी गेला असेल" हे सहकाऱ्याचे म्हणणे पुरेसे नाही, जरी काम संपल्याचा फोन करायला विसरणे हेच खोट्या धावपळीचे नेहमीचे कारण असले तरी.

प्रश्न : कोणी धमकावून "सर्व ठीक आहे" असे बोलायला लावले तर?

त्यासाठी एखादे साधे वाक्य आधी ठरवावे, उदाहरणार्थ "निळी फाइल टेबलावर ठेवली आहे". ते ऐकताच पलीकडच्या व्यक्तीने प्रश्न न विचारता नेहमीच्या स्वरात संभाषण संपवावे आणि थेट पोलिसांना कळवावे. पुन्हा फोन करून खात्री करू नये.