घाऊक आणलं, तरी बिल तेवढंच

*ताई, आम्ही घरात पाच जण: मी, नवरा, सासूबाई आणि दोन शाळेत जाणारी मुलं. घराचा हप्ता, फी, विमा यातलं काही हलत नाही, म्हणून खाण्याचा खर्च कमी करायचं ठरवलं. महिन्याला 24 हजार जातात: किराणा 10, दूध साडेतीन, भाजी-फळं साडेचार आणि बाहेरून मागवलेलं 6. जूनमध्ये नवऱ्याने बाजार समितीतून 50 किलो तांदूळ, 10 किलो शेंगदाणे आणि तेलाचा मोठा डबा आणला. तांदळात पोरकिडे झाले, दाणे खवट झाले. सासूबाई म्हणतात, आम्ही वर्षाचं धान्य भरायचो, तुम्हाला महिन्याचंही जमत नाही. रोज वाद होतो. काय करू?*
*– एक वाचक, डोंबिवली*

खवट दाण्यांपासून सुरुवात करते. त्यातल्या एकाही दाण्यावर काळी-हिरवी बुरशी दिसत असेल, तर सगळे टाकून द्या. बुरशीचं विष भाजून जात नाही. पैसे गेले याचं वाईट वाटेल, पण मुलांच्या पोटात ते नको.

आता तुमचे आकडे बघू. किराण्यात गहू, तांदूळ, डाळी मिळून साधारण 4 हजारांचं धान्य असेल. घाऊकात त्यावर दहा टक्के वाचले, तरी ते चारशेच होतात. बाहेरून येणारं मात्र 6 हजारांचं आहे. ते कुठल्या वारी येतं ते जुनी बिलं काढून बघा. रविवारची हौस असेल तर ती राहू दे, घरात आनंदही हवा. पण मला वाटतं, निम्मं तरी मधल्या वारी रात्री साडेआठला येत असणार, कारण तोवर भाजी काय करायची ते ठरलेलं नसतं. घाऊक खरेदीने ही गळती थांबत नाही, म्हणून आधी आठवडा आखा.

आखायचा तो भाजीच्या टिकण्यावरून. शनिवारी बाजार केलात तर मेथी-पालक रविवार-सोमवारी संपवा, भेंडी-गवार मंगळवार-बुधवारी. कोबी आणि लाल भोपळा गुरुवारसाठी ठेवा. शुक्रवारी फ्रीज रिकामा असतो आणि अंगात त्राणही नसतं, तेव्हा उसळ. पण मटकी आयत्या वेळी होत नाही. गुरुवारी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून फडक्यात बांधा, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात. त्यामुळे "गुरुवार सकाळ: मटकी" एवढं फ्रीजवर लिहिलेलं असलं, तरी शुक्रवारची ऑर्डर वाचते. आणि एक रात्र मुद्दाम मोकळी सोडा, उरलंसुरलं संपवायला. ती नसेल तर आठवड्याअखेरी डबेच्या डबे टाकावे लागतात.

दोन महिने असं चाललं की कुठलं धान्य किती लागतं ते आपोआप कळेल. तुमच्या घरी रोज 400 ग्रॅम तांदूळ लागत असेल, तर 50 किलो चार महिने पुरतो. जूनमध्ये आणलेला तांदूळ म्हणजे अख्खा पावसाळा घरात, दमट हवेत. तिथेच चुकलं. सासूबाईंचं म्हणणं खरं आहे, पण त्या वर्षाचं भरायच्या ते एप्रिल-मेमध्ये, नवा गहू आल्यावर, कडक ऊन देऊन. दाताखाली कट्ट वाजला तरच दाणा वाळला म्हणायचं. तांदळाला मात्र कडक ऊन देऊ नये, तडकतो आणि भाताच्या कण्या होतात. तूरडाळीला थोडं एरंडेल चोळतात. हे सगळं त्यांच्या हाताला ठाऊक आहे, तर साठवणीचं खातं त्यांच्याकडेच द्या. "आई, यंदा गहू तुम्ही सांगाल तसा भरू" असं तुम्हीच म्हणा. वादही बराच निवळेल.

पण सगळंच साठवू नका. एकदम आणायचं ते गहू, तूरडाळ, सुकी कडधान्यं. रवा, बेसन, दाणे, सुकं खोबरं महिन्याचंच आणा. तेलाचा डबा फोडला की हळूहळू वास धरतो, महिन्या-दीड महिन्यात संपणार असेल तरच मोठा घ्या. तांदूळ शेजारणीबरोबर अर्धा वाटून घेतलात, तर भाव घाऊकचा आणि साठा दोन महिन्यांचा. कोठीत दर पंधरवड्याला कोपरापर्यंत हात घाला. आतलं धान्य कोमट लागलं किंवा हाताला पीठ चिकटलं, तर कीड लागली आहे. लगेच परातीत काढून चाळा.

नवऱ्याला बाजार समितीत पुन्हा जायचं असेल, तर मार्चअखेरीपर्यंत थांबायला सांगा. तोवर 6 हजारांतले निम्मे वाचवायचे, ते तुम्हा दोघांचं काम. यात सासूबाईंचा काही संबंध नाही.