शेवटच्या ओळीतली अट

«पुण्यात वाहनचाचणीचा सहा वर्षांचा अनुभव आहे. जर्मनीतल्या एका जाहिरातीत नऊ अटी आहेत आणि त्यांतल्या पाचच माझ्याकडे आहेत. अर्ज करू का?»

व्हिसाचे नियम तुम्हाला अधिकृत ठिकाणी मिळतील, म्हणून मी फक्त जाहिरातीबद्दल लिहितो. अटी मोजू नका, प्रत्येक अटीला कोणता शब्द जोडला आहे ते पाहा. ‘फॉन फोर्टाइल’ म्हणजे असल्यास उत्तम, ‘वुन्शेन्सवर्ट’ म्हणजे असावे अशी इच्छा. अशा अटींसाठी अर्ज अडवू नका. ‘फोराउसझेट्सुंग’ किंवा ‘त्स्विंगेंड’ असे लिहिलेले असेल, तर मात्र ती अट खरी समजा. पदवीपुढे ‘किंवा समकक्ष पात्रता’ असे असेल, तर तिथे अनुभवालाही जागा असते.

अडचण येते ती कोणताच शब्द न जोडलेल्या अटींची. अशा वेळी ‘आउफगाबेन’, म्हणजे कामांची यादी, आणि ‘प्रोफिल’, म्हणजे उमेदवाराकडून अपेक्षा, या दोन्ही शेजारी ठेवून वाचा. अपेक्षांमध्ये एखाद्या सॉफ्टवेअरचे नाव असेल, पण कामांच्या यादीत त्याच्याशी जुळणारे एकही काम नसेल, तर ती बहुधा हौसेची अट असते. उलट ‘पुरवठादारांशी समन्वय’ हे काम असेल, तर वाटाघाटी करता येण्याइतकी जर्मन भाषा ही अट खरीच आहे, कारण लहान पुरवठादारांच्या कारखान्यांत बोलणे बहुधा जर्मनमध्येच चालते.

ही पडताळणी मी स्वतः केली नव्हती. मी स्टुटगार्टजवळची नोकरी घेतली, त्या जाहिरातीत सगळ्यात शेवटी ‘राइझेबेराइटशाफ्ट’, म्हणजे प्रवासाची तयारी, असा एकच शब्द होता. तो शेवटी आहे म्हणून शोभेचा आहे, असे मी धरून चाललो. वास्तविक कामांच्या यादीत ‘पुरवठादारांच्या कारखान्यांत चाचण्या’ असे स्पष्ट लिहिलेले होते. दोन वर्षे मी सोमवारी पहाटे पाचच्या गाडीने निघून गुरुवारी रात्री परतत होतो. त्या काळात मुलगा चौथीत होता, आणि इथे पुढची शाळा कोणती याची शिफारस चौथीतच होते. शिक्षिकेने बोलावले त्या संध्याकाळी मी दुसऱ्या गावातल्या हॉटेलात होतो. पत्नी एकटीच गेली. तिचे जर्मन तेव्हा दुकानापुरते होते. मुलाला गणित येते, शब्द अडतात, हे सांगायला तिच्याजवळच शब्द नव्हते. गिम्नाझियमची, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची, शिफारस मिळाली नाही. मुलगा आज बरा शिकतो आहे, पण ती संध्याकाळ मनातून जात नाही. घरापासून दूर राहण्याचे मला फारसे काही वाटत नव्हते. त्या खोलीत मी नव्हतो याचे वाटते.

तेव्हा तुमच्या पाच अटींमध्ये कामांच्या यादीशी जुळणाऱ्या अटी असतील, तर अर्ज कराच. प्रवासाचा शब्द दिसला, तर मुलाखतीत ‘प्रवास असतो का’ असे विचारू नका. उत्तर ‘कधीकधी’ असे येते. महिन्यात किती रात्री बाहेर, आणि आधीच्या माणसाच्या गेल्या तीन महिन्यांत किती झाल्या, असे विचारा आणि आकडा ईमेलवर मागून घ्या.