‘परवानगी द्या’ दाबून झालं, आता परत घ्यायची कशी?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत गोंधळ एकच आहे. अ‍ॅप काढून टाकणं, लॉग आउट करणं, पासवर्ड बदलणं आणि अ‍ॅपला दिलेली परवानगी रद्द करणं या चार वेगळ्या गोष्टी लोक एकच समजतात. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला.

फोटोला फिल्टर लावायचं एक अ‍ॅप मी फोनमधून काढून टाकलं. गूगलला दिलेली परवानगीही गेली ना? (गृहिणी, सांगली)

नाही. फोनवरचं चित्र गेलं, परवानगी गूगलच्या खात्यात जशीच्या तशी आहे.

गूगल खात्याला जोडलेल्या अ‍ॅपच्या माझ्या यादीत iOS आणि macOS अशी दोन नावं दिसतात. हे कोण हॅकर? (निवृत्त शिक्षक, नगर)

तुमचाच आयफोन आणि मॅकबुक. ती काढलीत तर फोनवर मेल यायची बंद होईल. ज्या मुलाने फोन लावून दिला त्याला विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

‘Sign in with Google’ वापरून मी तीस-चाळीस साइटवर खाती उघडली आहेत. सगळी एकदम काढून टाकली तर चालेल का? आणि तिथली माझी माहितीही जाईल ना? (नोकरदार, ठाणे)

एकदम काढू नका, आणि माहिती जाणार नाही.

आधी यादी उघडा. myaccount.google.com/connections हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की थेट पोहोचता येतं. तिथे दोन प्रकारची नावं असतात. पहिल्या प्रकारात त्या साइटने गूगलकडून फक्त तुमचं नाव, ईमेल पत्ता आणि फोटो घेतलेला असतो, तुम्हाला आत सोडण्यापुरता. दुसऱ्या प्रकारात अ‍ॅपला तुमची मेल, ड्राइव्हमधल्या फाइली, संपर्क यादी किंवा कॅलेंडर उघडायची मुभा असते. तुमचे तीस-चाळीस बहुधा पहिल्या प्रकारातले आहेत आणि त्यांची घाई नाही. नावावर टिचकी मारून तपशील वाचा. मेल, ड्राइव्ह किंवा संपर्क यांचा उल्लेख असेल ते आधी काढा.

पहिल्या प्रकारातली साइट काढण्याआधी त्या साइटवर जाऊन ‘पासवर्ड विसरलो’ दाबा आणि त्याच ईमेलवर स्वतंत्र पासवर्ड तयार करून ठेवा. हे न करता संबंध तोडला आणि त्या साइटवर तिकिटं, बिलं किंवा वॉलेटमधले पैसे असले, तर तुम्ही दाराबाहेर उभे राहाल. शिवाय तिथलं खातं तसंच राहतं. ते बंद करायचं तर त्याच साइटच्या सेटिंगमधून करावं लागतं. एखाद्या फोनवर तुम्ही आधीच आत असाल तर गूगलकडून संबंध तोडल्यावरही तिथे आतच राहाल, कारण ते सत्र त्या साइटचं असतं. पैशांचा व्यवहार असलेल्या साइटच्या ग्राहकसेवेशी आधी बोला, मग हात घाला.

माझा सहलींचा छोटा व्यवसाय आहे. मेलमधल्या जाहिराती साफ करणारं एक मोफत अ‍ॅप सहा महिन्यांपूर्वी जोडलं होतं. महिन्यापूर्वी दोन ग्राहकांना माझ्या पत्त्यावरून वेगळाच बँक खाते क्रमांक गेला. मी पासवर्ड बदलला, टू-स्टेपही लावली. आठवड्याभरात पुन्हा तेच. पासवर्ड बदलूनही हे कसं होतं? (कोल्हापूर)

हेच पत्र मला वेगवेगळ्या गावांहून येत असतं, म्हणून या वेळी मी या बाईंशी फोनवर बोललो आणि त्यांच्याच संगणकावर त्यांच्याकडून एकेक पान उघडून घेतलं. जे दिसलं ते त्यांच्या परवानगीने सांगतो.

यादीत तेवीस नावं होती. त्यातली वीस निरुपद्रवी. एक कॅलेंडरचं अ‍ॅप, एक कागद स्कॅन करून ड्राइव्हवर टाकणारं, आणि एक हे सफाईवालं. सफाईवाल्यापुढे लिहिलं होतं: ‘Read, compose, send, and permanently delete all your email from Gmail’. जाहिराती वेगळ्या काढायला मेल वाचण्याची परवानगी लागते हे एक वेळ समजू. पण तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कशाला? हे वाक्य पडद्यावर आलं तेव्हा ते वाचलं होतं का, असं मी विचारलं. त्या हसल्या. कोणीच वाचत नाही.

आता पासवर्डचं. अशा अ‍ॅपकडे तुमचा पासवर्ड नसतोच. तुम्ही ‘Allow’ दाबता तेव्हा गूगल त्याला एक वेगळं टोकन देतं, एसटीच्या पाससारखं. नंतर दर खेपेला ते अ‍ॅप पास दाखवतं आणि आत जातं. पासवर्ड कोणी विचारत नाही, ओटीपीही नाही. म्हणून टू-स्टेपचा इथे उपयोग नाही. ती नव्याने लॉगिन करणाऱ्याला अडवते, पासधारकाला नाही. 3 मे 2017 ला याचा मोठा नमुना जगाने पाहिला. कोणीतरी स्वतःच्या अ‍ॅपचं नावच ‘Google Docs’ ठेवलं, ओळखीच्या माणसाकडून कागद आल्यासारखी मेल पाठवली, आणि गूगलच्या खऱ्याखुऱ्या पानावर लोकांनी स्वतःच्या हाताने मेल आणि संपर्क यादी त्याच्या ताब्यात दिली. त्यानंतर त्यांच्या नावाने पुढच्यांना तीच मेल गेली. गूगलने ते तासाभरात थांबवलं, पण त्यात एकाचाही पासवर्ड चोरीला गेला नव्हता.

‘पासवर्ड बदला, सगळं बाहेर फेकलं जातं’ असं व्हिडिओंतून छातीठोकपणे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. गूगलवर पासवर्ड बदलला की जीमेलची मुभा असलेली टोकनं रद्द होतात. फक्त ड्राइव्हची किंवा संपर्क यादीची टोकनं मात्र चालूच राहतात. मग कोल्हापुरात मेल पुन्हा कशी गेली? पासवर्ड बदलल्यावर सफाईवालं अ‍ॅप बंद पडलं. दुसऱ्या दिवशी त्याने फोनवर सूचना दिली, ‘Reconnect your account’. बाईंनी पुन्हा ‘Allow’ दाबलं. नवा पासवर्ड, नवा पास, जुनाच प्रवासी.

त्याहून चीड आणणारी गोष्ट पुढे होती. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘Filters and Blocked Addresses’ उघडायला सांगितलं, तर तिथे बाईंनी कधीच न केलेला एक फिल्टर होता: ज्या मेलमध्ये ‘payment’ हा शब्द आहे ती इनबॉक्समध्ये न दाखवता वाचलेली म्हणून बाजूला टाकायची. ‘मॅडम, खाते नंबर बदलला का?’ असं विचारणारी ग्राहकाची मेल आली होती, बाईंना दिसलीच नाही. टोकन रद्द केलं तरी असा फिल्टर आपोआप जात नाही. तो हाताने पुसावा लागतो.

सफाईवाली मंडळी स्वतः चोर होती की त्यांच्याकडून कोणी टोकनं पळवली, हे बाहेरून सांगता येत नाही. दोन्ही होतं. मार्च 2017 मध्ये ‘ट्विटर काउंटर’ या आकडेवारीच्या सेवेत घुसून कोणीतरी तिच्याशी जोडलेल्या नामांकित खात्यांवरून नाझी चिन्हासह तुर्की मजकूर टाकला होता. त्या खातेदारांनी काही चुकीचं केलं नव्हतं, फक्त परवानगी काढून घेतली नव्हती. आणि ‘मोफत’ म्हणजे काय तेही ऐका. मेलची सफाई करून देणाऱ्या ‘अनरोल डॉट मी’ची मालक कंपनी लोकांच्या मेलमधल्या टॅक्सीच्या पावत्यांवरून, नावं काढून, माहिती विकत होती. 2017 मध्ये ते उघड झालं, तेव्हा गिऱ्हाइकांत स्पर्धक टॅक्सी कंपनीच निघाली. चोरी नव्हती ती, धंदा होता.

बाईंनी मग या क्रमाने काम केलं. आधी अ‍ॅपचं नाव, परवानगीचं वाक्य आणि परवानगी दिल्याची तारीख एकत्र दिसेल असा स्क्रीनशॉट, आणि फिल्टरचाही. हे सगळे घाईत विसरतात. संबंध तोडला की ते नाव यादीतून जातं आणि पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. मग अ‍ॅपची परवानगी रद्द. मग पासवर्ड, आणि ‘Reconnect’ म्हणणारं अ‍ॅप फोनवरूनही बाहेर. मग फिल्टर पुसला. त्याच सेटिंगमध्ये ‘Forwarding and POP/IMAP’ खाली अनोळखी पत्ता नाही ना, आणि ‘Accounts and Import’ खाली ‘Grant access to your account’पुढे दुसऱ्या कोणाचं नाव नाही ना, हे पाहिलं. दोन्ही रिकामी होती. शेवटी संगणकावर जीमेलच्या अगदी तळाशी, उजवीकडे ‘Details’ असतं. तिथे अलीकडे कुठून आणि कशातून खातं उघडलं गेलं ते दिसतं. ते पुढचे पंधरा दिवस रोज पाहायला सांगितलं आहे.

ग्राहकांचे पैसे गेले होते. त्यासाठी सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकाला फोन पहिल्या तासात करायचा असतो, त्यांनी नवव्या दिवशी केला. उशीर झाला की पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकतात, मग अडवायला काही हाती लागत नाही. ग्राहकांना नवा खाते क्रमांक फोनवर खात्री केल्याशिवाय मानू नका असं कळवा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा, बँकेला लेखी द्या, आणि नुकसान कोणी सोसायचं हा प्रश्न वकिलासमोर ठेवा. ते मी सांगू शकत नाही.

फेसबुकवर ‘मागच्या जन्मी तुम्ही कोण होतात’ असले खेळ दहा वर्षांपूर्वी खेळलो. अजून त्यांच्याकडे माझी माहिती असेल? (लातूर)

असेल. फेसबुकच्या सेटिंगमध्ये ‘Apps and websites’ उघडा. तीन महिने न वापरलेल्या अ‍ॅपची माहिती मागण्याची मुभा फेसबुक आपोआप संपवतं, त्यामुळे तुमचे खेळ बहुधा ‘Expired’खाली दिसतील. ते काढून टाका. पण आधी नेलेली माहिती त्या कंपनीच्या संगणकावर राहते आणि ती पुसायला त्यांनाच लिहावं लागतं. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या निवडणूक प्रचारासाठी काम करणाऱ्या कंपनीकडे फेसबुकवरच्या एका प्रश्नावलीतून लोकांची माहिती गेली होती. त्या प्रकरणात फेसबुकने सांगितलेला भारताचा आकडा आठवा: ती प्रश्नावली भरणारे 335, आणि त्यांच्या मैत्रीतून ज्यांची माहिती गेली असू शकते ते साडेपाच लाखांहून जास्त. मित्रांची माहिती नेण्याची ती वाट 2015 मध्ये बंद झाली. तुमचे खेळ त्याआधीचे असतील तर मित्रांनाही सांगा.

‘मी फेसबुकला माझे फोटो वापरायची परवानगी देत नाही’ हा मजकूर भिंतीवर चिकटवला की परवानग्या रद्द होतात, असं ग्रुपवर आलं आहे. (डोंबिवली)

होत नाहीत. कृपया पुढे पाठवू नका.

एका तरुणाने पाचशे रुपयांत सगळ्या परवानग्या काढून देतो म्हटलं. त्यासाठी फोनवर स्क्रीन दाखवायचं अ‍ॅप टाकायला सांगितलं आहे. (ज्येष्ठ नागरिक, पुणे)

टाकू नका. तो परवानग्या काढायला नव्हे, घ्यायला आला आहे. ही यादी उघडायला एक पैसा लागत नाही. नातवाला शेजारी बसवा. अ‍ॅप टाकून झालं असेल तर आधी इंटरनेट बंद करा, ते अ‍ॅप काढा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

ऑफिसच्या ईमेलला आमच्या जुन्या सहकाऱ्याने जोडलेलं अ‍ॅप यादीत आहे. काढू का? (नाशिक)

तुम्ही नाही, तुमच्या अ‍ॅडमिनने. हिशोबाची किंवा पगाराची पत्रं त्यातूनच जात असतील तर महिनाअखेरीला फटका बसेल. आजच त्यांना लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत स्क्रीनशॉट जपून ठेवा.