कॉलेजचा तोच मेल पुन्हा मिळाला, तरी गूगलवरून लॉगिन का होत नाही?

प्रश्न: पास झाल्यावर कॉलेजने माझं गूगल खातं डिलीट केलं होतं. अर्ज केल्यावर काही महिन्यांनी त्याच पत्त्याचं खातं पुन्हा दिलं. पण एका कोर्सच्या साइटवर मी 'Sign in with Google' ने जायचो, तिथे आता 'An account with this email already exists' असं येतं आणि आत जाता येत नाही. पत्ता तोच आहे, गूगलचा पासवर्डही बरोबर आहे. माझे कोर्स आणि सर्टिफिकेट गेले का?

उत्तर: गेलेले नाहीत. तुम्हाला दिसणारा मेसेजच त्याचा पुरावा आहे. तुमच्या पत्त्याचं जुनं खातं साइटकडे अजून आहे, म्हणून तर ती 'आधीच आहे' असं सांगते आहे. अडचण एवढीच, की आज गूगलवरून येणारी व्यक्ती त्या जुन्या खात्याची मालक आहे असं साइट मानायला तयार नाही. वेबसाइटच्या लॉगिनचा भाग सांभाळणं हेच माझं काम आहे आणि अशा तक्रारी दरवर्षी निकालानंतर हमखास येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'Sign in with Google' दाबल्यावर गूगल तुमचा पासवर्ड साइटला देत नाही. ते सही केलेली एक छोटी चिठ्ठी देतं, तिला आयडी टोकन म्हणतात. त्यात तुमचा मेल असतो, नाव असतं आणि `sub` नावाचा एक लांबलचक आकडा असतो. हा आकडा म्हणजे त्या गूगल खात्याची खरी ओळख. मेलचा पत्ता बदलला तरी तो बदलत नाही आणि खातं डिलीट झालं तरी तो दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. साइट बनवणाऱ्यांना गूगलची सूचनाच आहे की माणूस ओळखायचा तो `sub` वरून, मेलवरून नाही. तुमच्या बाबतीत घडलं ते असं (आकडे आणि पत्ता नमुन्याचे आहेत):

```
पूर्वी: "sub": "108214467350912286714", "email": "asha@college.example"
आता:  "sub": "115930027748160453392", "email": "asha@college.example"
```

कॉलेजने जुनं खातं परत आणलेलं नाही. त्याच पत्त्याचं नवं कोरं खातं उघडून दिलं आहे. साइटने आधी नवा `sub` शोधला, तो सापडला नाही. मग तुम्हाला नवीन समजून खातं उघडायला गेली, तर तो मेल दुसऱ्या खात्यावर नोंदलेला निघाला. तिथेच ती थांबली.

मेल तोच आहे तर साइटने सरळ जोडून का टाकलं नाही, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. संस्थेचा मेल हा होस्टेलच्या खोलीच्या नंबरसारखा असतो, नंबर तोच राहतो पण राहणारा बदलतो. आडनाव आणि आद्याक्षर जुळणारा पुढच्या बॅचचा विद्यार्थी आला, तर कॉलेज त्याला तुमचा जुना पत्ता देऊ शकतं. त्याने पहिल्यांदा गूगलवरून लॉगिन केलं आणि साइटने फक्त मेल पाहून आत घेतलं, तर तुमची सर्टिफिकेटं, पावत्या, फोन नंबर सगळं त्याच्यासमोर उघडं. बंद पडलेल्या कंपन्यांची डोमेनं दुसऱ्याच कुणी विकत घेऊन जुन्या कर्मचाऱ्यांच्या खात्यांत शिरण्याचा धोकाही याच ढिलाईतून येतो. म्हणून हा मेसेज कितीही वैताग आणत असला, तरी ही साइट तिचं काम नीट करते आहे असंच मी म्हणेन.

आता तुमचं खातं खरंच नवं आहे का, हे तपासून घ्या. इनबॉक्समध्ये कॉलेजच्या काळातले मेल आणि ड्राइव्हमध्ये जुन्या फाइली आहेत का? सगळं रिकामं असेल तर खातं नवं आहे. दुसरी खूण म्हणजे `myaccount.google.com/connections` हे पान. ज्या ज्या साइटवर तुम्ही गूगलवरून लॉगिन करायचात त्या तिथे दिसायला हव्यात. त्या दिसत नसतील तर शंका उरत नाही. संस्थेच्या गूगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेलं खातं अॅडमिनला २० दिवसांच्या आत परत आणता येतं आणि तसं आणलं तर `sub` तोच राहतो, लॉगिन पूर्वीसारखं चालू होतं. ती मुदत गेली की फक्त पत्ता परत मिळतो. तुमच्याकडे मध्ये काही महिने गेलेत, त्यामुळे कॉलेजच्या मागे लागून आता उपयोग नाही. रस्ता साइटकडूनच काढायचा आहे.

सगळ्यात आधी हे बघा, की जुन्या फोनवर किंवा घरच्या लॅपटॉपवर ती साइट किंवा तिचं अॅप अजून लॉगिन झालेलं आहे का. साइट टोकन तपासते ते आत येताना. एकदा आत घेतलं की ती स्वतःचं सेशन चालवते आणि ते बऱ्याचदा कितीतरी दिवस टिकतं. काही साइट गूगलकडून खातं बंद झाल्याची सूचना घेतात आणि सेशनही लगेच तोडतात, पण सगळ्याच तसं करत नाहीत. सेशन चालू सापडलं तर तिथून चुकूनही लॉगआउट करू नका, अॅप काढून पुन्हा टाकू नका. सेटिंग्जमध्ये जाऊन आधी खात्याचा मेल बदलून स्वतःचा खासगी पत्ता टाका, मग पासवर्ड ठेवा. दुसऱ्या ब्राउझरमधून त्या पासवर्डने आत जाता येतं हे पडताळा. ते जमलं की मगच जुनं गूगल काढा आणि नवं जोडा. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी गूगल काढलं, तर आत यायचा एकमेव दरवाजा आपल्याच हातानं बंद होतो.

सेशन कुठेच सापडलं नाही, तर लॉगिनच्या पानावर 'Forgot password' दाबून कॉलेजचा मेल टाका. तुम्ही कधी पासवर्ड ठेवलाच नव्हता हे खरं, पण पुष्कळ साइट रिसेटची लिंक त्या पत्त्यावर पाठवतात आणि जुन्याच खात्यावर पहिला पासवर्ड ठेवू देतात. तो पत्ता आज तुमच्या हातात आहे, त्यामुळे लिंक तुमच्याकडेच येईल. स्पॅमही बघा. 'मेलवर लिंक पाठवा' किंवा 'मेलवर ओटीपी' असा पर्याय असेल तर तोही चालतो. मात्र काही साइट रिसेटऐवजी 'तुमचं खातं गूगलशी जोडलेलं आहे, गूगलवरूनच या' असं उत्तर पाठवतात. तसं आलं तर पुन्हा पुन्हा दाबत बसू नका, सपोर्टला लिहा.

सपोर्टला 'लॉगिन होत नाही' एवढंच लिहिलं तर ठरावीक उत्तर येतं, की कॅश साफ करा आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा. नेमकं असं लिहा: 'माझं जुनं गूगल खातं संस्थेने डिलीट केलं आणि त्याच मेलचं नवं खातं दिलं, त्यामुळे गूगलचा `sub` बदलला आहे. माझ्या जुन्या खात्यावरून जुनी गूगल ओळख काढून नवी जोडावी, किंवा खात्याचा मेल बदलून पुढील खासगी पत्ता करावा.' हे वाक्य ज्या इंजिनियरपर्यंत जाईल त्याला पुढचं काही विचारावं लागणार नाही. सोबत मालकी पटेल असं काहीतरी द्या: पैसे भरले असतील तर पावतीचा किंवा ट्रान्झॅक्शनचा नंबर आणि तारीख, खातं साधारण कधी उघडलं, कोणते कोर्स पूर्ण केले, सर्टिफिकेटची पीडीएफ जवळ असेल तर त्यावरचा क्रमांक. तक्रार त्याच कॉलेजच्या मेलवरून पाठवा. पासवर्ड किंवा ओटीपी कुणी मागितला तर देऊ नका, या कामाला त्याची गरज पडत नाही.

दुसऱ्या एखाद्या साइटवर हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसेल. मेसेज न येता सरळ आत जाता येईल, पण खातं रिकामं असेल. म्हणजे त्या साइटने नव्या `sub` साठी नवं खातं उघडलं आणि जुनं बाजूला तसंच पडून आहे. अशा रिकाम्या खात्यात काही विकत घेऊ नका, कोर्स सुरू करू नका. तुमचा नवा `sub` आता त्या रिकाम्या खात्याला चिकटला आहे आणि तो तिथून सुटल्याशिवाय जुन्या खात्याला जोडता येत नाही. ते स्वतः डिलीट करण्याआधीही सपोर्टला विचारा, कारण काही ठिकाणी डिलीट केलेल्या खात्याचा मेल आणि ओळख काही काळ अडकून राहते.

उलट, कॉलेजने खातं डिलीट न करता फक्त पत्ता बदलला असता, समजा डोमेन बदललं किंवा नावाची दुरुस्ती केली, तर `sub` तोच राहिला असता आणि नीट बांधलेल्या साइटवर तुम्हाला फरकही जाणवला नसता. तिथे लॉगिन अडलं, तर साइट मेलवरून ओळखते आहे हे समजायचं आणि तो तिचा दोष. तुमचे कुणी मित्र अजून कॉलेजात असतील तर त्यांना हे जरूर सांगा: पत्त्यात बदल हवा असेल तर अॅडमिनला खात्याचं नाव बदलायला सांगा, 'जुनं काढून नवं द्या' असं म्हणू नका.

एक गोष्ट मात्र आजच बघा. जुन्या खात्यावर दरमहा किंवा दरवर्षीचं सबस्क्रिप्शन असेल, तर गूगल खातं गेल्याने ते थांबलेलं नाही. पैसे जुन्या नोंदीवर कापले जात राहतात आणि आत जाता येत नसल्यामुळे साइटवरून ते बंदही करता येत नाही. यूपीआयवर ऑटोपे लावलं असेल तर तुमच्या यूपीआय अॅपमधल्या ऑटोपेच्या किंवा मँडेटच्या यादीत ते दिसेल, तिथूनच थांबवा. कार्डावर असेल तर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेची सूचना येते, त्या सूचनेतून किंवा बँकेकडे ई-मँडेट रद्द करून ते बंद होतं. पण असं थांबवण्यापूर्वी सपोर्टला एका ओळीत कळवा, की लॉगिन मिळेपर्यंतच पैसे थांबवतो आहे, खातं बंद करायचं नाही.