तंदुरी चिकनचा हिशेब कच्च्या वजनावर, आणि मसाला भांड्यात उरलेला वजा करून

प्रश्न: घरी तंदुरी चिकन केलं तर प्रोटीन-फॅट कसं मोजायचं? दही-तेलाचा मसाला, कातडी आणि भाजताना टपकलेली चरबी कशी धरायची? पनीर टिक्क्याचंही तसंच का?

मी दारव्हा तालुक्यातला. जिमच्या नादात सहा महिने हा हिशेब चुकीचा करत होतो. भाजलेलं चिकन तोलायचो आणि ॲपमध्ये कच्च्या चिकनची नोंद निवडायचो. भाजताना मुख्यतः पाणी जातं, प्रोटीन मांसातच राहतं. म्हणून रोज खाल्लेलं प्रोटीन जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं कमी दिसायचं आणि मी उगाच वरून अंडी हाणायचो.

मग एका रविवारी काटा घेऊनच सिगडीपाशी बसलो. कातडी काढलेले लेग पीस, हाडासकट १ किलो. २०० ग्रॅम दही फडक्यात टांगून केलेला चक्का, ३० ग्रॅम सोयाबीन तेल, आलं-लसूण, तिखट-मीठ असा १८० ग्रॅम मसाला झाला. रात्रभर मुरवून पीस सळईला लावले आणि गंजात उरलेला मसाला तोलला, ७० ग्रॅम. म्हणजे पीसला ११० ग्रॅम चिकटला, साधारण ६० टक्के. तेवढंच तेल आणि तेवढंच दही धरायचं. या एका तोलण्यानं निम्मा गोंधळ मिटतो, कारण लोक एकतर सगळं तेल मोजतात, नाहीतर मसाला धरतच नाहीत. माझ्याकडे ते तेल १८ ग्रॅम निघालं.

कोळसे दोन्ही बाजूंना सारून मधोमध, पीसच्या खाली, स्टीलची ताटली ठेवली होती. भाजून झाल्यावर सगळे पीस ७८० ग्रॅम भरले. जेवण झाल्यावर घरच्यांच्या ताटातली हाडं गोळा करून तोलली (आई म्हणाली, याचं डोकं फिरलं), ती २२० ग्रॅम. म्हणजे खाल्लं ५६० ग्रॅम, आणि कच्चं मांस होतं साधारण ७८० ग्रॅम. भाजल्यावर हाडंही थोडी सुकतात, पण तेवढा फरक सोडून द्या.

कातडी नसलेल्या लेगच्या कच्च्या मांसात १०० ग्रॅमला १९ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि ४ ग्रॅम फॅट धरतात. त्या हिशेबानं मांसाचं प्रोटीन १४८ आणि फॅट ३१. चक्क्याचं ४-५ ग्रॅम प्रोटीन आणि तेवढंच फॅट. तेल १८. एकूण प्रोटीन १५३, फॅट ५४.

आता टपकलेलं. ताटलीतला रस पेल्यात ओतून फ्रिजमध्ये ठेवला. खाली पाणीच जास्त होतं, वर तरंगलेला चरबी-तेलाचा थर चमच्यानं काढला तर फक्त १२ ग्रॅम. काही थेंब निखाऱ्यावर पडले असतील, पण ते धरता येत नाहीत. तेव्हा फॅट ४२ धरा. दही-मसाल्याचे कर्ब्स १० ग्रॅम धरून खाण्याजोग्या १०० ग्रॅमला प्रोटीन २७, फॅट साडेसात, कॅलरी १८५ च्या आसपास. टपकलेलं वजा केलंच नाही तरी आकडा २०० च्या थोडा वर जातो. ताटली ठेवायची सोय नसेल तर वजा करूच नका, हिशेब थोडा जास्तीचा राहील एवढंच.

खरी मेख शेवटच्या ब्रशात आहे. पीस चमकावेत म्हणून वरून एक मोठा चमचा लोणी किंवा तेल फिरवलं, की टपकून गेलं होतं तेवढं किंवा त्याहून जास्त फॅट परत आलं. धाब्यावर तर हा ब्रश डब्यात बुडवूनच फिरतो. म्हणून धाब्याचा आकडा मी घरच्या आकड्यावर बसवत नाही.

कातडीचं गणित वेगळं. गावरान कोंबडी पऱ्हाटीच्या जाळावर भाजून पिसं काढली की कातडी राहते, आणि ब्रॉयलर कातडीसकट घेतलं तर कच्च्या लेगमध्ये १०० ग्रॅमला फॅट ४ वरून १६ च्या घरात जातं. त्यातलं टपकतंही पुष्कळ, तरी भाजलेल्या कातडीसकट मांसात १३ च्या आसपास उरतंच. टपकलं म्हणून कातडी विसरू नका. भाजून नंतर काढून ठेवलीत तर कातडी नसलेल्या मांसाचा आकडा घ्या, फक्त कातडीला लागलेला मसालाही गेला हे लक्षात असू द्या.

पनीरला हाड नाही, कातडी नाही, टपकणंही नगण्य. २०० ग्रॅम पनीर भाजून १७० झालं तरी पाकिटावरचे २०० ग्रॅमचेच आकडे लावा. गंजात उरलेला मसाला मात्र इथंही तोला, कारण पनीरला तो जाड बसतो, आणि बेसन घातलं असेल तर कर्ब्स तिथूनच येतात.