हातउसने पैसे आणि एक छोटासा 'च'

"मॅडम, मित्राने परत पैसे मागितलेत. आधीचेच आलेले नाहीत. नाही म्हणायचंय, पण शाळेपासूनची दोस्ती आहे, ती तुटायला नको. काय बोलू?"

मी समुपदेशन करते, आणि हे माझ्याकडे इतक्या वेळा येतं की शेवटी लिहायचं ठरवलं. एका क्लायंटची गोष्ट सांगते, परवानगी घेतलीये आणि ओळखीचे तपशील बदललेत.

हे गृहस्थ सिंहगड रोडला राहतात, चाकणला नोकरी. मित्राचं छोटं वर्कशॉप. पहिल्यांदा ५ हजार, मग १२, मग २०, असे ३७ हजार गेले, परत आले ८. आता मित्र ३० मागत होता, तेही "शुक्रवारपर्यंत". बायकोला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी पहिल्यांदा एवढंच विचारलं, पैसे जातात कुठे? कारण दर वेळी कारण बदलत असेल, तासाभरात हवेत म्हणत असेल, "कुणाला सांगू नको" असं सारखं येत असेल, तर मामला उसनवारीचा नसून सट्ट्याचा किंवा लोन ॲपच्या चक्राचा असू शकतो, आणि तिथे पैसे देणं म्हणजे खड्डा अजून खोल करणं. इथे तसं नव्हतं. टेम्पोचा हप्ता थकला होता, खरंच.

"मग त्याला आत्तापर्यंत काय सांगितलंत?"

"म्हटलं, या महिन्यात मुलीची फी आहे, पुढच्या महिन्यात बघू."

इथेच बहुतेक जण अडकतात. हा नकार नाहीच, ही तारीख आहे. समोरचा बिचारा ती धरून बसतो आणि पुढच्या महिन्यात हक्काने विचारतो, मग आपल्याला नवीन कारण शोधावं लागतं, आणि एक दिवस तो तुमच्या गाडीचा नवा सीटकव्हर बघतो आणि खोटं पकडलं जातं. दुखतं ते तिथे.

दुसऱ्या भेटीत ते म्हणाले, "मी नाही म्हटलं तर तो तुटणारच. मित्र म्हणून मला द्यायलाच पाहिजेत."

मी ती दोन वाक्यं कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवली, पेन दिलं, म्हटलं दोन्ही 'च' खोडा आणि मोठ्याने वाचा. मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर काम करते. 'असंच झालं पाहिजे' हा हट्ट माणसाला अडकवतो, हे त्यांचं म्हणणं मराठीत या एका अक्षरात मावतं असं मला मनापासून वाटतं. "मला द्यायला पाहिजेत" यात निदान श्वास घ्यायला जागा आहे, "द्यायलाच" मध्ये नाही.

त्यांनी वाचलं, पण चेहरा तसाच. मग मी विचारलं, "गेल्या चार महिन्यांत त्याला किती वेळा भेटलात?"

बराच वेळ काही नाही. पेनचं टोपण काढत होते, लावत होते.

"एकदाही नाही. शनिवारी कट्ट्यावर जायचो ते सोडलं. त्याचा फोन आला की उलटा ठेवतो." मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी पैसे देऊनच तुटलोय की हो त्याच्यापासून."

हे मी सांगितलं असतं तर लेक्चर झालं असतं. ते त्यांच्या तोंडून आलं, आणि आमचं पुढचं काम निम्मं झालं. यात माझा वाटा छोटा होता पण तो प्रश्न नेमक्या वेळी विचारला याचं मला आजही समाधान आहे.

मग आम्ही वाक्य बसवलं. "पैसे मी देऊ शकणार नाही, आत्ताही नाही आणि पुढेही नाही. तुझी अडचण खरी आहे हे मला माहितीये. टेम्पोच्या फायनान्सवाल्याकडे हप्ता पुढे ढकलायला बोलायचं असेल तर मी तुझ्यासोबत येतो." बस. सबब नाही, माफीचा पाढा नाही, आणि जुन्या २९ हजारांचा विषय त्याच बैठकीत अजिबात नाही, नाहीतर नकार शिक्षेसारखा लागतो. प्रॅक्टिसला ते दर वेळी शेवटी "म्हणजे तसं बघितलं तर..." जोडायचे. पाचव्यांदा गप्प राहायला जमलं. त्यांची आई म्हणायची, भीड भिकेची बहीण, ते त्यांना तेव्हा आठवलं. त्याच आठवड्यात बायकोलाही सांगितलं.

प्रत्यक्षात मेसेज न करता टपरीवर भेटले, बुधवारीच, म्हणजे मित्राला दुसरीकडे बघायला वेळ राहील. मित्र "ठीके, बघतो मी" म्हणाला आणि अर्धा चहा टाकून गेला. अकरा दिवस काही नाही. हे अकरा दिवस खरे कठीण असतात, यांनी दोनदा जीपे उघडलं होतं. मी म्हटलं, राग आला असेल तर येऊ दे, त्याला तेवढा हक्क आहे, पण पहिला मेसेज तुम्ही करा आणि त्यात पैशांचा 'प' नको.

"रविवारी पहाटे सिंहगड, येतोस?" तीन दिवसांनी उत्तर आलं, "पाचला निघू."

गडावर पिठलं-भाकरी खाताना मित्रानेच जुन्या पैशांचं काढलं, महिन्याला २ हजार देईन म्हणाला. दोन हप्ते आले. तिसऱ्याला आठ दिवस उशीर झालाय, तर हे परवा मला विचारत होते, आता काय करू. म्हटलं, फोन करा आणि विचारा, फोन उलटा ठेवू नका.